दुकानाच्या जीमेलला एसएमएसचा कोड, अ‍ॅप की यूएसबी चावी? सांगलीकरांनी सांगावं

अडतवाली_मीनल

नमस्कार मंडळी. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. दुकानाचा जीमेल एकच आहे आणि सगळा कारभार त्याच्यावरच चालतो. बाहेरगावच्या खरेदीदारांची पत्रं, सौद्यांची बिलं, जीएसटीचं, बँकेची स्टेटमेंटं, सगळं तिथंच. पासवर्ड तिघांना माहीत आहे: शेठ, दिवाणजी आणि मी. टू-स्टेप चालू आहे, पण कोड शेठच्या मोबाईलवर येतो. दुकानातल्या संगणकावर लॉगिन गेलं की शेठना फोन लावायचा, ते आकडे वाचून दाखवतात, आम्ही टाकतो. शेठ मळ्यात असले की रेंज नसते, मग अर्धा दिवस मेल बंद.

शेठचा पुतण्या म्हणतोय ऑथेंटिकेटर अ‍ॅप घाला. सीएंच्या ऑफिसातला मुलगा म्हणतोय सिक्युरिटी की विकत घ्या, ती यूएसबीत घालायची चावी. शेठचं म्हणणं, बँक एसएमएस पाठवते, बँकेला चालतं तर आपल्याला का चालू नये? मला दोन्ही बाजू अर्ध्याच कळतात. दुकानात संगणकातलं जाणणारं कुणी नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं?

---

कृष्णाकाठ_गावभाग

डोळे झाकून अ‍ॅप घाला ताई. 2019 च्या पुरात आमच्याकडं टॉवर बंद पडले होते, एसएमएस येतच नव्हते. वडिलांचं एक खातं उघडायचं होतं, कोडची वाट बघत बसलो. त्या दिवसापासून मी सगळीकडं अ‍ॅप लावलंय. त्याला रेंज लागत नाही, नेट लागत नाही, मळ्यात बसूनही शेठना कोड दिसेल. आणि कोड दर 30 सेकंदांनी बदलतो, त्यामुळं चोराच्या हाती लागला तरी तोवर शिळा होतो. अ‍ॅप हॅक होऊच शकत नाही. चावीबिवीवर पैसे घालवू नका.

---

वसंतकाका_वखारभाग

मीनलबाळ, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे बँकवाले ओरडून सांगतात आणि तुमच्याकडं रोज फोनवर वाचून दाखवतात, हे मला पटलं नाही. माझी पेन्शन ज्या बँकेत येते तिथं ही यूएसबीची चावी चालेल का? मी नेट बँकिंग वापरतो, मुलगा बेंगळुरूला असतो. त्याला विचारलं तर तो म्हणतो बाबा तुम्ही यात पडू नका.

---

नेटवर्क_रवी

मीनलताई, तुमचा प्रश्न तीन वस्तूंमधून एक निवडायचा वाटतोय, पण तुमच्या वर्णनात मला खटकलं ते दुसरंच. काकांनी ते बरोबर पकडलंय. तुमच्याकडं कोड फोनवर वाचून दाखवायची सवय झाली आहे. त्यात काय होतं ते एका खऱ्या प्रकरणावरून सांगतो. तासगाव भागातल्या एका बेदाण्याच्या पेढीवर मला निस्तरायला बोलावलं होतं. नाव सांगत नाही.

त्यांच्याकडंही एकच मेल आणि कोड मालकाच्या मोबाईलवर. एके दिवशी जुन्या गिऱ्हाइकाच्या नावानं मेल आला, आत पेमेंट अ‍ॅडव्हाइसची लिंक. दिवाणजींनी ती दाबली. गूगलच्या लॉगिनसारखं पान उघडलं, त्यांनी पासवर्ड घातला. ते पान खोटं होतं. पलीकडं चोराच्या यंत्रणेनं तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या गूगलमध्ये घातला. खऱ्या गूगलनं मालकाच्या मोबाईलवर खरा एसएमएस पाठवला, G- ने सुरू होणारा, त्यात काहीच खोट नाही. दिवाणजींनी मालकांना फोन केला, त्यांनी आकडे वाचले, दिवाणजींनी ते खोट्या पानात टाकले, पानानं ते पुढं खऱ्या गूगलला दिले. लॉगिन झालं, पण चोराचं. दिवाणजींना कुठलीतरी कोरी पीडीएफ दिसली. त्यांना वाटलं फाईल खराब आहे, आणि ते कामाला लागले.

चोरानं लगेच काही केलं नाही. त्यानं जीमेलमध्ये एक फिल्टर लावला: अमुक खरेदीदाराकडून मेल आला की तो इनबॉक्समध्ये न दाखवता वाचलेला म्हणून बाजूला टाकायचा. मग खरेदीदाराशी चाललेल्या त्याच जुन्या पत्रव्यवहारात, त्याच पत्त्यावरून उत्तर गेलं: आमचं बँक खातं बदललंय, या हप्त्याचे पैसे नव्या खात्यावर टाका. खरेदीदारानं टाकले. त्याचं "पाठवले" म्हणून उत्तर आलं तेही फिल्टरनं गिळलं. पैसे का आले नाहीत म्हणून पेढीनं फोन लावला तेव्हा उलगडा झाला.

आता कृष्णाकाठ यांना विचारतो, त्या दिवशी एसएमएसऐवजी अ‍ॅप असतं तर काय बदललं असतं? मालकांनी मेसेज वाचण्याऐवजी अ‍ॅपमधले सहा आकडे वाचले असते. इतकंच.

---

कृष्णाकाठ_गावभाग

पण 30 सेकंदांचं काय? तेवढ्यात कोण काय करणार?

---

नेटवर्क_रवी

माणूस बसून टाइप करत नाही दादा, खोटं पान आपोआप पुढं पाठवतं. एका सेकंदाचं काम. शिवाय फोनचं घड्याळ थोडं मागंपुढं असू शकतं म्हणून बऱ्याच साइट आधीच्या 30 सेकंदांतला कोडही चालवून घेतात. कोड शिळा होण्याचा उपयोग आहे, पण तो कुणी कागदावर लिहून ठेवलेला जुना कोड वापरायला गेला तर. समोरासमोर चाललेल्या फसवणुकीत नाही.

रेंजबद्दल मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. अ‍ॅप लावताना क्यूआर स्कॅन करतो त्यात एक गुप्त किल्ली असते, ती फोनमध्ये राहते. तिच्यावरून आणि घड्याळावरून फोन स्वतःच आकडे काढतो, टॉवरचा संबंधच नाही. म्हणून सिम कुणी पळवलं तरी अ‍ॅपला धक्का लागत नाही. सिमच्या चोरीपुरतं अ‍ॅप भारी, खोट्या पानापुढं दोन्ही सारखेच. माणसाला जे वाचता येतं ते त्याच्याकडून काढून घेता येतं. चावीचं तसं नाही, ती खोट्या पानाला फसत नाही.

---

तासगावची_अश्विनी

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या अ‍ॅपमधले कोड सगळे चुकीचे दाखवतंय. चार साइटवर करून बघितलं, एकही घेत नाही. नवीन फोन घेतलाय, जुन्यावरून सगळं नीट आणलं होतं. अ‍ॅप हॅक झालं असेल का?

---

नेटवर्क_रवी

अश्विनीताई, सगळ्याच साइटवर एकदम नाकारत असेल तर आधी घड्याळ बघा. फोनच्या तारीख-वेळ सेटिंगमध्ये वेळ आपोआप घ्यायचं बंद असेल आणि दोन-चार मिनिटांचा फरक असेल तर तुमचा फोन वेगळ्याच क्षणाचा कोड काढतो. ऑटोमॅटिक चालू करा, टाइम झोन भारताचा आहे ना बघा. एकाच साइटचा कोड चालत नसेल तर मग त्या साइटची किल्ली नीट आली नाही असं समजायचं.

---

तासगावची_अश्विनी

घड्याळच होतं! मुलानं गेमसाठी वेळ पुढं केली होती. चारही चालले. जुना फोन आता भावाला देऊ का?

---

नेटवर्क_रवी

त्यातलं अ‍ॅप पुसून, फोन रिसेट करून द्या. नव्या फोनवर आणलं म्हणजे जुन्यावरून गेलं असं होत नाही, दोन्हीकडं तेच आकडे दिसत राहतात.

---

अडतवाली_मीनल

रवीदादा, वाचून पोटात गोळा आला. आमचाही अगदी असाच शिरस्ता आहे. मग चावी त्या खोट्या पानाला कशी ओळखते? ती तर एवढीशी पेनड्राईव्हसारखी वस्तू. दिवाणजींना ओळखू आलं नाही ते तिला कसं येतं?

---

नेटवर्क_रवी

ती पान बघतच नाही, म्हणून फसत नाही. पानावरचं चित्र, लोगो, अक्षरं यांच्याशी तिला काही घेणंदेणं नाही. चावी खात्याला जोडता तेव्हा ती google.com या नावापुरती एक जोडी तयार करते: एक भाग गूगलकडं, दुसरा चावीच्या आत, तो बाहेर काढता येत नाही. पुढं लॉगिन करताना ब्राउझर चावीला सांगतो की आत्ता आपण अमुक पत्त्यावर आहोत. हे ब्राउझर सांगतो, पान सांगत नाही. पत्ता एका अक्षरानं जरी वेगळा असला तरी त्या नावाची जोडी चावीकडं नसते, त्यामुळं द्यायला तिच्याकडं काहीच नसतं. दिवाणजींनी कितीही वेळा बोट लावलं तरी चोराच्या हाती काही पडत नाही. आणि शेठना फोनवर वाचून दाखवायलाही काही उरत नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. 2022 च्या जुलैमध्ये क्लाउडफ्लेअर नावाच्या मोठ्या अमेरिकी कंपनीच्या कर्मचाऱ्यांना असेच खोट्या पानांचे मेसेज गेले. काहींनी पासवर्ड भरलासुद्धा. पण कंपनीत सगळ्यांना चावी सक्तीची होती, चोरांना आत शिरता आलं नाही. त्याच सुमाराला तसाच हल्ला ट्विलिओ कंपनीवर झाला, तिथं ते आत शिरले.

शेठच्या मुद्द्यालाही न्याय देतो. एसएमएस म्हणजे काहीच नाही असं बिलकुल नाही. गूगलनं 2019 मध्ये आपला अभ्यास मांडला होता. त्यात फोनवर पाठवलेल्या एसएमएस कोडनं सरसकट पाठवलेल्या फिशिंगपैकी, म्हणजे असल्याच खोट्या पानांच्या सापळ्यांपैकी, 96 टक्के रोखलं, पण एखाद्याला हेरून केलेल्या हल्ल्यांपैकी 76 टक्केच. चावीसमोर दोन्हीकडं एकही हल्ला चालला नाही. ज्या दुकानाच्या मेलवरून लाखांचे सौदे होतात त्याला हेरलं जातं, मीनलताई.

---

कृष्णाकाठ_गावभाग

मान्य, खोट्या पानाचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण चावी हरवली की? माझ्या गाडीची चावी महिन्यातून एकदा हरवते. आणि एका चावीचे काही हजार लागतात, दोन घ्यायच्या म्हणजे साध्या माणसाला जडच. आता फोनमध्येच पासकी येते ना, फुकट? तीही तशीच चालते म्हणतात.

---

नेटवर्क_रवी

बरोबर, पासकीचं तत्त्व तेच. तीही साइटच्या पत्त्याला बांधलेली असते, खोट्या पानाला मिळत नाही. घरातल्या साध्या माणसाला, ज्याचा स्वतःचा स्मार्टफोन आहे आणि मेल त्याच्यावरच बघतो, त्याला मी आज आधी पासकीच सांगतो. पैसे लागत नाहीत, बोटाच्या ठशानं काम होतं.

पण दुकानात एक अडचण आहे. मीनलताई, तुमचा संगणक डेस्कटॉप आहे का? त्याला ब्लूटूथ आहे का? फोनमधली पासकी संगणकावर वापरायची तर संगणक क्यूआर दाखवतो, फोननं तो स्कॅन करायचा, आणि फोन जवळच आहे याची खात्री ब्लूटूथवरून होते. यार्डातल्या बहुतेक दुकानांत जुने डेस्कटॉप, ब्लूटूथ नाही. मग गाडी तिथंच अडते. आणि शेठ मळ्यात, फोन मळ्यात, तर प्रश्नच मिटला. अशा ठिकाणी यूएसबीची चावी सरळ पडते.

---

अडतवाली_मीनल

डेस्कटॉपच आहे, ब्लूटूथ नाही. चावी एक आणि माणसं तीन, मग ती टेबलावर लावूनच ठेवायची का?

---

नेटवर्क_रवी

नाही, आणि इथंच मला मुख्य सांगायचं आहे. एक खातं तिघांनी वापरणं हेच मुळात बंद करता येतं. जीमेलमध्ये संगणकावर Settings मध्ये Accounts and Import खाली Grant access to your account असं आहे. दुकानाच्या खात्यातून तिथं तुमचा आणि दिवाणजींचा स्वतःचा जीमेल घालायचा. मग तुम्ही आपापल्या खात्यानं लॉगिन करता आणि दुकानाचा मेलबॉक्स वाचता, उत्तरं पाठवता. दुकानाचा पासवर्ड तुम्हाला लागत नाही, कोड लागत नाही, शेठना फोन लागत नाही. तुम्हाला त्या खात्याचा पासवर्ड बदलता येत नाही, हे शेठनाही आवडेल.

मग दुकानाच्या मूळ खात्यात लॉगिन करायची वेळ क्वचित येते. त्याला दोन चाव्या जोडायच्या. एक शेठच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, दुसरी दुकानाच्या तिजोरीत. एकच चावी कधीही घेऊ नका. कृष्णाकाठ यांची भीती रास्त आहे, एक हरवली तर दुसरीनं आत जाऊन हरवलेली काढून टाकायची. घेताना संगणकाचं यूएसबीचं तोंड बघून घ्या, जुन्याला मोठं चपटं, नव्या फोनला लहान सी. एनएफसीवाली घेतली तर फोनला नुसती टेकवूनही चालते, अर्थात फोनमध्ये एनएफसी हवं. चावीला पिन ठेवला तर तो सारखा चुकवू नका, ठरावीक चुकांनंतर चावी बंद पडते आणि पुसून नव्यानं जोडावी लागते.

Backup codes म्हणून दहा वेगवेगळे कोड मिळतात, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून तिजोरीत. फोनच्या गॅलरीत फोटो काढून ठेवू नका. आणि हो, आता मेल उघडायचं दार तुमचं आणि दिवाणजींचं स्वतःचं खातं असणार, तेव्हा त्या दोन्ही खात्यांनाही चावी किंवा पासकी हवी. नाहीतर चोर दिवाणजींच्या दारानं येईल.

---

वसंतकाका_वखारभाग

माझं उत्तर राहिलं.

---

नेटवर्क_रवी

काका, माफ करा. बँकेत आणि यूपीआयला तुमची ही चावी लावता येणार नाही. तिथं बँक जे देईल तेच, आणि नेट बँकिंगला ते अजून बहुतेक एसएमएसच. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम 1 एप्रिल 2026 पासून लागू आहेत, त्यांत एसएमएसशिवाय दुसरे पर्याय वापरायला बँकांना वाव आहे, पण तो बँकेनं द्यायचा, आपण मागून मिळत नाही. तुमच्या बाबतीत सिम आणि फोन सांभाळणं हेच काम. अचानक फोनची रेंज गेली आणि शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला आहे, असं तासाभरापेक्षा जास्त चाललं तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा की माझं सिम बदललं गेलंय का. नवीन सिम चालू झालं की 24 तास त्यावर एसएमएस बंद ठेवतात, तेवढा वेळ तुम्हाला मिळतो. तो वाया घालवू नका, बँकेला कळवून खातं थांबवा.

---

वसंतकाका_वखारभाग

हे उपयोगाचं. आमच्या गल्लीतल्या एकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका आली होती, उघडायला गेला तर काहीतरी इन्स्टॉल झालं, आणि त्याचे पैसे गेले. त्यानं ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता असं शपथेवर सांगतो. ते कसं?

---

तासगावची_अश्विनी

आमच्याकडं चलनाच्या नावानं आलं होतं काका. शेवटी .apk होतं.

---

नेटवर्क_रवी

अश्विनीताई बरोबर. ती पत्रिका म्हणजे अ‍ॅपच असतं. बसवताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण देऊन टाकतो. मग प्रत्येक ओटीपी येताक्षणी चोराकडं जातो, सांगायची गरजच उरत नाही. सिम तुमच्याकडं, रेंज तुमच्याकडं, तरी कोड त्याच्याकडं. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांत एसएमएस उघडून कुठकुठल्या अ‍ॅपला मुभा आहे ते बघा. पत्रिका, चलन, लाईटबिल असलं काही तिथं दिसलं तर नेट बंद करा, ते काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 ला फोन करा.

आणि कॉल वळवलेले आहेत का हेही बघा. काही ठिकाणी कोड फोन करूनही सांगतात. डायल करायचं:

```
*#21#
```

अनोळखी नंबर दिसला तर `##002#` ने सगळं वळवणं रद्द होतं.

---

अडतवाली_मीनल

रविवारी शेठ, त्यांचा पुतण्या, दिवाणजी आणि मी बसून केलं. आधी जीमेलच्या Filters and Blocked Addresses मध्ये बघितलं, आमच्याकडं काही नाही, Forwarding पण रिकामं. इनबॉक्सच्या तळाला उजवीकडं Details असतं, तिथं एक अनोळखी ठिकाण दिसलं आणि धस्स झालं, पण ते पुतण्याचं पुण्यातलं निघालं. दिवाणजींना आणि मला मेलबॉक्सची मुभा दिली, चालतंय. शेठच्या नावानं येणारं मेल मी आता माझ्या खात्यातून बघते. दोन चाव्या मागवल्यात.

एकाच गोष्टीवर शेठ अडून बसलेत. रवीदादा, तुम्ही खाजगी मेसेजमध्ये म्हणालात की चाव्या लागल्या की टू-स्टेपमधून मोबाईल नंबर काढून टाका. शेठ म्हणतात नंबर काढायचा नाही, उद्या दोन्ही चाव्या पुरात गेल्या तर?

---

नेटवर्क_रवी

इथं सगळ्यांसाठी लिहितो. लॉगिनच्या पानावर Try another way असतं. खोटं पान तुम्हाला चावी मागणारच नाही, ते म्हणेल एसएमएसचा कोड टाका, आणि मागून खऱ्या गूगलला सांगेल मला एसएमएसच पाठव. नंबर टू-स्टेपमध्ये राहिला तर चावी लावूनही बेदाण्याच्या पेढीवर झालं ते जसंच्या तसं होऊ शकतं. म्हणून काढा म्हणतो. Backup codes छापलेले आहेत, एक संच शेठच्या घरी मिरजेला ठेवा, यार्डात पाणी आलं तरी तो राहील. पण हेही लक्षात ठेवा, कागदावरचा तो आकडासुद्धा खोट्या पानात टाकला तर गेलाच. तो फक्त चाव्या हरवल्यावर, पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या पानावरच वापरायचा.

---

कृष्णाकाठ_गावभाग

मी शेठच्या बाजूनं आहे. ज्याला रोज यातलं काही कळत नाही त्याचं खातं चोरामुळं जायची शक्यता जास्त की स्वतःच बाहेर अडकायची? माझ्या ओळखीत दुसरंच जास्त बघितलंय. फुकट खातं गेलं तर गूगलमध्ये फोन करून ओरडायला माणूस मिळत नाही.

---

नेटवर्क_रवी

तुमचं म्हणणं साध्या घरगुती खात्याला मी मान्य करतो. आजीच्या जीमेलवरून नंबर काढा असं मी कधीच सांगणार नाही, तिथं पासकी लावून नंबर राहू दे. पण दुकानाच्या खात्यावर मी ठाम आहे. तिथं खातं अडकलं तर धंद्याचा आठवडा जातो, चोराच्या हाती गेलं तर दुसऱ्याच्या विश्वासानं पाठवलेले पैसे जातात.

---

अडतवाली_मीनल

शेठना दोन्ही वाचून दाखवलं. ते म्हणाले चाव्या येऊ देत, महिनाभर वापरून बघू, मग नंबरचं ठरवू. तोवर फोनवर कोड वाचणं बंद, आणि खातं बदललं असं कुणाचंही मेल आलं तर आधी जुन्या नंबरवर फोन करायचा, हे दिवाणजींनी भिंतीवर लिहून लावलंय. चाव्या आल्या की जोडताना कुठं अडलं तर इथंच विचारीन.